अनामतीचा वाद आणि दोघांच्या ओळखीचे सर

प्रश्न: घर सोडून सात आठवडे झाले. मालक रंग, ओटा, घर सोडायची अपुरी नोटीस अशी कारणं सांगून अनामतीतले वीस टक्केच परत देतो म्हणतात. माझे वकील नोटीस पाठवायला तयार आहेत. पण आम्हा दोघांच्या ओळखीचे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, मालकही त्यांचा शब्द मानतात. कोर्टात जायच्या आधी त्यांना मध्ये घ्यावं असं वाटतं. आधी सरांशी बोलू की मालकांशी? हे मांडायचं कसं? आणि यात माझी बाजू कमजोर तर होणार नाही ना?

उत्तर:

प्रस्ताव मालकांना द्यायचा. पण त्याआधी सरांना पाच मिनिटांचा एक फोन करायचा आणि त्या फोनवर तक्रार अजिबात सांगायची नाही.

हे दुसरं वाक्य सगळ्यात अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. सात आठवडे साठलेला राग असतो, समोर मायेनं ऐकणारा माणूस असतो, आणि आपण तासभर बोलून मोकळे होतो. भाडेकरू-मालकांचे असे वाद मी बरीच वर्षं हाताळतोय. त्यातले जे ओळखीच्या माणसाकडे जाऊन बिघडले, ते बहुतेक या पहिल्या फोनवरच बिघडले. पुढचं ठरलेलं असतं. सर चांगल्या मनानं मालकांना फोन करतात, "अहो, त्या पोराचे पैसे का अडवून ठेवलेत?" एवढं एक वाक्य पुरतं. त्या क्षणापासून मालकांच्या लेखी सर तुमच्या बाजूचे. आता मालकांनी पैसे दिले तरी ते सरांच्या दडपणाखाली दिले असं होतं, आणि नाही दिले तर सरांचा अपमान होतो. दोन्हीकडून कोंडी. अशा कोंडीत सापडलेला माणूस एकच करतो, फोन उचलणं बंद करतो.

म्हणून सरांना साधारण असं सांगा: "सर, घराच्या अनामतीवरून माझा आणि मालकांचा मतभेद आहे. आम्हा दोघांनाही तुमच्याबद्दल आदर आहे. मालकांची तयारी असेल तर तुम्ही एकदा आम्हाला समोरासमोर बसवाल का? निकाल तुम्ही द्यायचा नाही. माझी बाजू मी आत्ता सांगत नाही, त्यांच्यासमोरच सांगेन. तुम्हाला यात पडायचं नसेल तर मोकळेपणानं नाही म्हणा, मला वाईट वाटणार नाही."

शेवटचं वाक्य नुसत्या सभ्यतेचं नाही. आदरणीय माणसांना नाही म्हणणं जड जातं, मग ते हो म्हणतात आणि बैठक लांबवत राहतात. याच फोनवर आणखी एक गोष्ट विचारून घ्या. मालकांशी किंवा त्यांच्या घरच्यांशी सरांचा पैशाचा काही व्यवहार आहे का? उधारी, भागीदारी, त्यांच्याच दुसऱ्या घरात सरांचा कोणी नातेवाईक भाड्यानं राहणं, असं काही. असेल तर दुसरा माणूस शोधा. नुसती ओळख, येणंजाणं, जुना स्नेह आड येत नाही. किंबहुना त्यामुळेच मालक बैठकीला येतील. परका मध्यस्थ निष्पक्ष असतो म्हणून चालतो. ओळखीचा चालतो तो दोघांनाही उद्या त्याला तोंड दाखवायचं असतं म्हणून.

सर हो म्हणाले की त्याच दिवशी मालकांना लेखी निरोप पाठवा. फोन नको, लेखीच. मी एका भाडेकरूला लिहून दिलेला निरोप थोडा बदलून इथे देतो:

"नमस्कार. अनामतीच्या हिशोबावर आपलं एकमत होत नाही, हे आपल्या दोघांनाही दिसतंय. नोटीस आणि कोर्ट या वाटेला लागण्याआधी एकदा समोरासमोर बसावं असं मला वाटतं. सर आपल्या दोघांना ओळखतात आणि बसायला तयार आहेत. वादाचा तपशील मी त्यांना सांगितलेला नाही. त्यांच्याऐवजी दुसरं कुणी तुम्हाला योग्य वाटत असेल तर नाव सुचवा, माझी हरकत नाही. सर निर्णय देणार नाहीत. आपलं जमलं तर दोघं लिहून सही करू. नाही जमलं तर दोघांचेही हक्क आज आहेत तसेच राहतील, आणि बैठकीतलं बोलणं कुणी कुणाविरुद्ध वापरायचं नाही. येत्या दहा दिवसांतली तुमच्या सोयीची वेळ रविवारपर्यंत कळवाल का?"

"तपशील सांगितलेला नाही" हे मालकांना निरोपातच वाचायला मिळायला हवं, कारण निरोप उघडताना त्यांच्या मनात पहिली शंका तीच असते. अर्थात ते खरंही असायला हवं. मालक सरांना विचारणारच. "दुसरं नाव सुचवा" यावर लोक दचकतात, की त्यांनी आपलाच माणूस पुढे केला तर? क्वचित करतात. बहुतेक वेळा निवड करायची मुभा आहे एवढं कळलं की मालक सरांनाच हो म्हणतात, आणि मग सर दोघांनी निवडलेले ठरतात. हा फरक पुढे बैठकीत फार उपयोगी पडतो. कोर्टाचा उल्लेख एकदाच केलाय, तोही वाट म्हणून, धमकी म्हणून नाही. आणि शेवटी वार दिलाय. वार न देता पाठवलेल्या प्रस्तावाला "बघू" असं उत्तर येतं, आणि त्या बघूला अंत नसतो.

आता बाजू कमजोर होण्याची भीती. बोलायला बसण्याचा प्रस्ताव दिला म्हणून कुणाचा दावा दुबळा होत नाही. दुबळा होतो तो दोन कारणांनी, आणि दोन्ही टाळता येतात.

पहिलं कारण म्हणजे लेखी दिलेली सवलत. "ओट्याचे पैसे देतो हो मी, पण रंगाचे नाही" असं आपण रात्री अकरा वाजता सहज मोबाइलवर लिहून जातो. उद्या वाद कोर्टात गेला तर समोरचा वकील तेवढा निरोप छापून लावतो आणि म्हणतो, ओटा फोडल्याची कबुली आहे. तडजोडीसाठी झालेलं बोलणं पुराव्यात येऊ नये असं तत्त्व बऱ्याच देशांच्या कायद्यात आहे, वकील त्याला "विदाउट प्रेज्युडिस" म्हणतात. पण त्याचा आधार मिळायचा तर ते बोलणं तडजोडीसाठीच होतं हे दिसायला हवं. वरच्या निरोपातलं हक्कांबद्दलचं वाक्य त्याचसाठी आहे. तरीही माझा नियम सोपा आहे: वस्तुस्थिती लेखी कळवा, सवलत बैठकीत तोंडी द्या. चावी कोणत्या तारखेला दिली, फोटो कधी काढले, वीजबिल किती आलं, हे खुशाल लिहा. कुठे किती सोडायला तयार आहात ते लिहू नका.

दुसरं कारण म्हणजे वेळ. दावा लावायची मुदत प्रत्येक देशात ठरलेली असते आणि आपलं बोलणं चालू आहे म्हणून ती आपोआप थांबत नाही. भारतात १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे अशा पैशाच्या दाव्याला साधारण ३ वर्षं मिळतात. समोरच्यानं मुदत संपायच्या आत सही करून देणं लेखी कबूल केलं तर मुदत तिथून नव्यानं मोजतात. तोंडी "देतो रे, कुठे पळून चाललोय" याला त्या हिशोबात किंमत नाही. तुमचे सातच आठवडे झालेत, म्हणजे घाई नाही. पण दोन-अडीच वर्षं गोड बोलण्यावर थांबलेली माणसं माझ्याकडे आलेली आहेत, म्हणून सांगून ठेवतो. आणि तुम्ही राहता तिथे अनामतीसाठी वेगळी यंत्रणा आहे का तेही बघून घ्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००७ पासून बहुतेक भाड्याच्या घरांची अनामत मालकाला मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित करावी लागते, आणि वाद झाला तर त्या योजनेकडूनच विनाखर्च निवाडा मागता येतो. अशी सोय असेल तर सरांना तसदी देण्याआधी ती पाहावी.

मालक हो म्हणाले, असं धरून पुढे जातो. बैठकीला जाताना एकच कागद न्या. त्यावर मालकांच्या वजावटीच्या बाबी एकेका ओळीत, पुढे त्यांचा आकडा, त्यापुढे तुमचा आकडा आणि त्याचं कारण. कागदाच्या तीन प्रती काढा. फोटो, पावत्या, करारनामा सोबत असू द्या, पण मागितल्यावरच काढा. पहिल्या पाच मिनिटांत टेबलावर फाइल आपटणारा माणूस मी पाहिलाय. त्याच्याकडे पुरावा उत्तम होता, पण समोरच्याच्या अंगावर काटा आला आणि तो नुसता "माझ्या वकिलाशी बोला" एवढंच म्हणत राहिला.

तुमच्यासारखंच एक प्रकरण आकड्यांसकट सांगतो. गणित सोपं राहावं म्हणून अनामत १०० धरतो. महिन्याचं भाडं २५, म्हणजे अनामत चार महिन्यांची. मालकांची वजावट अशी होती: पूर्ण घराचा रंग ३०, स्वयंपाकघराचा ओटा २०, नोटीस कमी दिली म्हणून एक महिन्याचं भाडं २५, शेवटचं वीजबिल ५. एकूण ८०. हातात २०.

वीजबिलावर वाद नव्हता. ते भाडेकरूनं आधीच मान्य करून टाकलं. (भाडेकरू बाई होत्या, एकट्या राहणाऱ्या. मालक निवृत्त गृहस्थ होते आणि मध्ये बसल्या होत्या दोघांच्या ओळखीच्या एक डॉक्टर.) माझाही सल्ला तोच असतो, की निर्विवाद बाब सगळ्यात आधी मान्य करायची. त्यानं समोरच्याला कळतं की हा माणूस सगळंच नाकारायला आलेला नाही.

रंगाचा हिशोब कसा करतात ते नीट समजून घ्या, कारण निम्मे वाद इथेच अडतात. घर वापरलं की रंग मळतो, फिका पडतो. ही साधी झीज आहे. भाडं जे देतो त्यातच ती धरलेली असते, तिचे वेगळे पैसे मागता येत नाहीत, अर्थात करारनाम्यात तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर. म्हणून आधी करारनामा वाचा. झिजेच्या पलीकडचं नुकसान झालं असेल तर ते भरून द्यायचं, पण तेवढंच, आणि त्या वस्तूचं जेवढं आयुष्य शिल्लक होतं त्याच प्रमाणात. इथे घराला रंग दिला होता बाई राहायला येण्याच्या आधी, त्या राहिल्या ३ वर्षं. अशा रंगाचं आयुष्य ४ वर्षं, हे दोघांनीही मान्य केलं. म्हणजे शिल्लक होता चौथा हिस्सा. खरं नुकसान एकाच खोलीत होतं, भिंतीवर फळ्या ठोकल्या होत्या आणि त्या काढताना गिलाव्याचे पोपडे निघाले होते. पूर्ण रंगाच्या ३० पैकी त्या खोलीचा वाटा १०. त्याचा चौथा हिस्सा अडीच. मालकांचे ३०, बाईंचे अडीच. मालकांना हे पहिल्यांदा ऐकताना थट्टा वाटली. डॉक्टरांनी त्यांना एवढंच विचारलं, "बाई राहिल्या नसत्या, दुसरं कुणी राहिलं असतं, तर पुढच्या वर्षी रंग द्यावा लागला असता का?" मालक म्हणाले, "लागलाच असता." त्या उत्तरानं जे काम केलं ते माझ्या सूत्रानं केलं नसतं.

ओट्याच्या कडेला खरंच तडा होता आणि तो बाईंच्याच काळात गेला होता. इथे प्रश्न झिजेचा नव्हता, दगड चार वर्षांत झिजत नाही. प्रश्न होता दुरुस्तीचा की बदलण्याचा. मालकांनी आणलेलं कोटेशन पूर्ण ओटा बदलण्याचं होतं, तेही आधीपेक्षा भारी दगडाचं. तडा सांधून कडेची पट्टी बदलायला ८ लागणार होते. जुनी वस्तू फुटली म्हणून नवी आणि तिच्याहून चांगली वस्तू भाडेकरूच्या पैशानं घेता येत नाही. पण सांधलेला तडा दिसतो, आणि ही मालकांची तक्रार रास्त होती. कोटेशनवर काय काय लिहिलंय ते ओळीओळीनं वाचा, हे मी प्रत्येकाला सांगतो. "ओटा काम" असा एक शब्द आणि एक आकडा असेल तर त्याची फोड मागा.

नोटिशीचं असं होतं. करारात एक महिना म्हटलं होतं, बाईंनी १८ दिवस आधी कळवलं. कमी पडले १२ दिवस. महिन्याला २५ तर १२ दिवसांचे १०. मालकांचं म्हणणं, नोटीस पूर्ण नाही म्हणजे ती नाहीच, पूर्ण महिना द्या. त्यांच्या करारनाम्यात मात्र तसं वाक्य नव्हतं. तुमच्या करारनाम्यात ते असू शकतं, पाहून घ्या. आणि त्या कमी पडलेल्या दिवसांत घरात नवा भाडेकरू आला असेल तर मालकांचं भाडं बुडालंच नाही, हेही विचारता येतं.

बाईंचा हिशोब असा झाला: अडीच, ८, १० आणि ५, एकूण साडेपंचवीस वजा, परत यायला हवेत साडेचौऱ्याहत्तर. मालक म्हणत होते २०.

इथे ओळखीच्या मध्यस्थाकडून हमखास घडणारी चूक येते. भली माणसं भांडण मिटवायला उतावीळ असतात. ती दोन्ही आकडे ऐकतात आणि म्हणतात, "जाऊ द्या, दोघंही थोडं सोडा, मधला आकडा घ्या." मधला आकडा म्हणजे इथे सत्तेचाळीसच्या आसपास. ऐकायला न्याय्य वाटतं. प्रत्यक्षात ज्यानं सुरुवातीला जास्त फुगवून मागितलं त्याला बक्षीस मिळतं. मालकांनी ८० ऐवजी १०० वजा केले असते तर मधला आकडा सदतीसवर आला असता, घर तेच, तडा तोच. म्हणून बैठक सुरू होतानाच सरांना मालकांच्या देखत विनंती करा: "सर, एकूण आकड्यावर नको, एकेका बाबीवर बोलू या का?" मालक याला नाही म्हणू शकत नाहीत, कारण बाबी त्यांच्याच आहेत.

त्या बैठकीत तसंच झालं. वीजबिल पहिल्याच मिनिटाला मिटलं. मग नोटीस घेतली, कारण तिथे कॅलेंडर बघून उत्तर निघत होतं. १० वर दोघं आले. ओट्यावर डॉक्टरांनी बाईंना बाजूच्या खोलीत नेऊन विचारलं, सांधा दिसणार आहे, त्याचं काही धराल का? बाई ८ वरून १० वर आल्या. मग मालकांशी डॉक्टर तशाच वेगळ्या बोलल्या. हे वेगवेगळं बोलणं फार कामाचं आहे. समोर बसलेल्या माणसाला माघार घेताना बघणारं कुणी नको असतं. सरांना हे सुचलं नाही तर तुम्हीच सुचवा, "सर, तुम्ही आधी त्यांच्याशी एकटं बोला, मी बाहेर थांबतो." पहिली संधी त्यांना दिलीत की तुम्हाला मिळणारी दुसरी संधी त्यांना खटकत नाही. रंग शेवटी उरला. अडीच आणि ३० यांत अंतर मोठं होतं, पण तोवर बाकी सगळं मिटलेलं असल्यानं एका रंगासाठी कोर्टात जायची दोघांचीही इच्छा उरली नव्हती. बाईंनी ५ मान्य केले, हिशोबापेक्षा दुप्पट. मी त्यांना आधीच म्हटलं होतं की अडीचसाठी अडून बसू नका, कोर्टाच्या दोन तारखांना जाण्या-येण्यातच तेवढे जातील. वजावट ३०, परत ७०.

तुम्हीही बैठकीला जाण्याआधी घरीच एक आकडा ठरवून, कागदावर लिहून, घडी घालून खिशात ठेवा, की याच्या खाली मी सही करणार नाही. तो आकडा रागातून काढू नका. कोर्टात जिंकलो तर काय मिळेल, त्यातून वकिलाची फी आणि दावा खर्च किती जाईल, किती काळ लागेल, आणि एखादी बाब हरण्याची शक्यता किती, हे वजा जाता जे उरतं तो आकडा. बाईंचा तो ६० होता. सरांना तो सांगू नका. ते न विसरता, सद्भावनेनंच, तिथून बोलायला सुरुवात करतील.

आणि एक वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका: "सर, तुम्ही म्हणाल ते मला मान्य." आदरापोटी ते येतंच. पण त्या वाक्यानं सर मध्यस्थ राहत नाहीत, लवाद होतात. मध्यस्थ दोघांना बोलतं करतो आणि सही करायची की नाही ते दोघं ठरवतात. लवाद ठरवतो आणि दोघांना पाळावं लागतं. तुम्ही भावनेच्या भरात म्हटलंत आणि सर पन्नास म्हणाले, तर नाही म्हणताना तुम्ही सरांचा शब्द मोडणारे ठरता. मालक असं म्हणाले तरी तुम्ही त्यावर "सरांना त्या अवघड जागी नको टाकायला" असं म्हणून विषय पुढे न्या. सरांनाही हायसं वाटतं, हे मी अनेकदा पाहिलंय.

जमलं की उठायच्या आधी लिहा. "उद्या नीट टाइप करून घेऊ" म्हणालात की रात्री घरच्या कुणाचा तरी सल्ला येतो आणि सकाळी आकडा बदललेला असतो. वहीच्या पानावर हातानं लिहिलं तरी चालतं. दोघांची नावं, घर कोणतं, अनामत किती होती, कोणत्या बाबीचे किती वजा झाले, परत किती द्यायचे, कोणत्या तारखेला, कोणत्या मार्गानं. ठरलेल्या तारखेला रक्कम आली नाही तर काय, तेही लिहा. बाईंच्या कागदात ४० त्याच दिवशी आणि ३० पंधरा दिवसांत असं होतं, आणि दुसरा हप्ता चुकला तर रंगाची आणि ओट्याची सवलत रद्द, बाईंचा मूळ हिशोब कायम, असं एक वाक्य होतं. शेवटी "ही रक्कम पूर्ण मिळाल्यावर दोघांचं एकमेकांकडे या घरापोटी काही येणं नाही." यात "पूर्ण मिळाल्यावर" हे दोन शब्द विसरू नका. नाहीतर सही होताच तुमचा हक्क संपतो आणि पैसे मात्र यायचेच असतात. सही तुमची आणि मालकांची, सरांची साक्षीदार म्हणून. घर दोघांच्या नावावर असेल तर दुसऱ्या मालकाचीही सही घ्या.

घरात बसून केलेला हा कागद म्हणजे करार आहे, कोर्टाचा हुकूमनामा नाही. मालकांनी तो मोडला तर तो घेऊन कोर्टातच जावं लागेल. पण तेव्हा रंग, तडा, नोटीस यावर वाद घालायचा उरत नाही, कागदावर सही आहे आणि पैसे आले नाहीत एवढंच दाखवायचं. म्हणून जमेल तेवढी रक्कम बैठकीतच घ्या. खात्यात पैसे आल्याचा मेसेज दोघांनी बघून मगच चहा प्यावा, असं मी म्हणतो.

मालक नाही म्हणाले, किंवा रविवार उलटून गेला आणि उत्तरच नाही, तर दुसऱ्यांदा विचारू नका आणि सरांनाही आठवण करायला लावू नका. सरांना एक ओळ पाठवा: "सर, त्यांना जमत नाही असं दिसतं. तुम्ही तयारी दाखवलीत त्याबद्दल आभार, यापुढे तुम्हाला तसदी देत नाही." मग वकिलांना सांगा. नोटिशीत एक वाक्य घालून घ्या, की अमुक तारखेला समोरासमोर बसण्याचा लेखी प्रस्ताव दिला होता आणि त्याला प्रतिसाद आला नाही. सरांचं नाव नोटिशीत घालू नका. नोटीस मिळाल्यावर काही मालक स्वतःहून फोन करतात आणि विचारतात, ते बसायचं म्हणत होता ते अजून आहे का. आहे म्हणा. मात्र नोटिशीतली मुदत चालू राहील, हेही त्याच फोनवर सांगा.